महापालिकेच्या मैदानावर कबड्डी स्पर्धा घ्यायचीय? परमिशन आणि सेफ्टीबद्दल सारखे विचारले जाणारे प्रश्न

आमचं मंडळ गिरणगावातलं. थंडीत दोन दिवसांची कबड्डी स्पर्धा असते, सोळा संघ, मॅटवर, संध्याकाळी लाइटमध्ये. फायली घेऊन वॉर्ड ऑफिस, पोलीस स्टेशन, फायर ब्रिगेड असं फिरायचं काम गेली बरीच वर्षं माझ्याकडे आहे (दुसरं कोणी घेत नाही म्हणून). आता आजूबाजूच्या मंडळांचे फोन येतात आणि प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एकदाच लिहून टाकतोय. हे सगळं मुंबई महापालिकेच्या मैदानाबद्दल आणि कबड्डीबद्दल आहे, क्रिकेट किंवा मॅरेथॉनवाल्यांना यातलं अर्धंच लागू होईल.

मैदान महापालिकेचंच आहे हे कशावरून समजायचं?

बोर्डावरून समजू नका. आम्ही एकदा शेजारच्या एका मैदानासाठी वॉर्ड ऑफिसला अर्ज दिला, इनवर्ड झाला, आठवडाभर टेबलावर फिरला आणि मग कळलं की जागा म्हाडाची आहे, महापालिका फक्त तिथला कचरा उचलते. मुंबईत मैदानं महापालिकेची आहेत, म्हाडाची आहेत, कलेक्टरच्या जमिनीवर आहेत, रेल्वेची आहेत, ट्रस्टची आहेत. काही महापालिकेचीच असून देखभाल एखाद्या संस्थेकडे दिलेली असते, मग त्या संस्थेलाही विचारावं लागतं.

जागेचा सीटीएस नंबर काढा आणि प्रॉपर्टी कार्ड बघा, धारक म्हणून कोणाचं नाव लागलंय ते त्यात असतं. सोबत डेव्हलपमेंट प्लॅनमध्ये त्या जागेवर काय आरक्षण आहे तेही बघून ठेवा. खेळाचं मैदान असं आरक्षण असेल तर खेळासाठी मागणं सरळ जातं, बाग म्हणून असेल तर पहिला प्रश्न हाच येतो की बागेत मॅट कशाला.

अर्ज कोणाला द्यायचा आणि किती दिवस आधी?

त्या वॉर्डाच्या सहाय्यक आयुक्तांच्या नावाने. लालबाग-परळला एफ दक्षिण, वरळी-प्रभादेवीला जी दक्षिण, दादर-माहीमला जी उत्तर असे वॉर्ड पडतात. मैदानाचं प्रत्यक्ष काम उद्यान खातं बघतं, त्यामुळे अर्ज तिकडे मार्क होतो, तिथला माणूस जागा बघून रिपोर्ट देतो, मग भाडं आणि डिपॉझिटचं चलान निघतं. त्या माणसाबरोबर मैदानावर एकदा स्वतः जाऊन उभे राहा, पाच फोनपेक्षा ते उपयोगी पडतं.

मी दोन महिने आधी अर्ज टाकतो. एवढा वेळ महापालिकेला लागतो म्हणून नाही, तर बाकीची ऑफिसं महापालिकेच्या कागदावर अडकून बसतात म्हणून. तारीख ठरवताना दहावी-बारावीची परीक्षा बघा आणि निवडणूक लागतेय का तेही बघा. आचारसंहिता लागली की स्टेजवर कोण बसणार यापासून सगळ्याचीच विचारणा सुरू होते.

आणि नगरसेवकाचं किंवा आमदाराचं पत्र म्हणजे परमिशन नव्हे. पत्र जोडा, काही बिघडत नाही, पण त्याच्या भरवशावर पोस्टर छापू नका.

अर्जात नक्की काय लिहायचं?

एक पान पुरतं. मंडळाचा इतिहास, मान्यवरांची नावं, समाजकार्य हे सगळं कापा. वाचणाऱ्याला तारीख, वेळ, जागा, माणसं आणि जबाबदार कोण एवढंच हवं असतं. आमच्या अर्जाचा मजकूर साधारण असा असतो, रिकाम्या जागा भरून घ्या:

> प्रति,
> मा. सहाय्यक आयुक्त, ____ विभाग, बृहन्मुंबई महानगरपालिका
>
> विषय: ____ मैदान, सीटीएस क्र. ____ येथे कबड्डी स्पर्धेसाठी परवानगी मिळणेबाबत
>
> महोदय/महोदया,
> आमचे मंडळ (नोंदणी क्र. ____) दि. ____ व दि. ____ रोजी वरील मैदानावर सोळा संघांची कबड्डी स्पर्धा घेऊ इच्छिते. सामने दुपारी ४.३० ते रात्री ९.०० या वेळेत होतील. उभारणीसाठी आदला एक दिवस व आवरण्यासाठी नंतरचा अर्धा दिवस मैदान लागेल. प्रवेश विनामूल्य आहे.
> एका वेळी मैदानात जास्तीत जास्त १,२०० प्रेक्षक असतील. ही संख्या सोबतच्या नकाशावरून काढली असून ती पूर्ण झाल्यावर प्रवेश बंद केला जाईल. मैदानात खड्डे खणले जाणार नाहीत. गॅलरी, वीज, प्रथमोपचार, अग्निशमन व बाहेर पडण्याचे मार्ग यांची व्यवस्था नकाशात दाखवली आहे.
> सुरक्षा व्यवस्थेची जबाबदारी श्री./श्रीमती ____ (मोबाइल ____) यांची राहील. मैदान पूर्ववत करून देण्याची हमी मंडळ देत आहे.
> कृपया परवानगी द्यावी, ही विनंती.
>
> सोबत: नोंदणी प्रमाणपत्र, कार्यकारिणीचा ठराव, नकाशा, सामन्यांचे वेळापत्रक

जबाबदार माणसाचं नाव लिहिताना अध्यक्षांचं लिहायची पद्धत आहे, ती सोडा. अध्यक्ष दोन्ही दिवस पाहुण्यांच्या मागे असतात. जो गेटवर उभा राहून खरोखर फोन उचलणार आहे त्याचं नाव लिहा.

उभारणीचा आणि आवरायचा दिवस मागायला लोक विसरतात. मग स्पर्धेच्या दिवशी सकाळी मंडपवाला ट्रक घेऊन येतो, तर मैदानात मॉर्निंग वॉकवाले आणि क्रिकेटची पोरं, आणि आपल्याकडे कागदावर त्या वेळेची परमिशनच नाही.

माणसं किती येतील हे आधी कसं सांगणार? कमी लिहिली तर परमिशन पटकन मिळते म्हणतात.

मिळते. आणि मग बंदोबस्तही तेवढाच मिळतो, टॉयलेटही तेवढीच, अॅम्ब्युलन्सवालाही तसाच विचार करून येतो. आम्ही एके वर्षी अर्जात ५०० लिहिले आणि पोस्टरवर ‘हजारोंच्या उपस्थितीत’ छापलं. पीआय साहेबांनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि काही बोललेच नाहीत, नुसते बघत राहिले. तेव्हापासून मी अंदाज लिहीत नाही. किती येतील यापेक्षा किती मावतील ते मोजतो आणि तो आकडा लिहितो.

आमच्या मैदानाचा हिशेब सांगतो. मोकळी जागा ६० मीटर बाय ४० मीटर, म्हणजे २,४०० चौरस मीटर. पुरुषांचं कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटरचं. आम्ही चारही बाजूंनी ४ मीटर मोकळे सोडतो, कारण चढाई करणारा खेळाडू लाइनवर थांबत नाही, पकड झाली की तिघं-चौघं गुंतून बाहेर फेकले जातात. म्हणजे एका मैदानाला २१ बाय १८, आणि आमची दोन असतात, तर ७५६ चौरस मीटर तिथेच गेले. दोन गॅलऱ्यांना मिळून १४४. एका बाजूने लांबीभर ४ मीटरची गल्ली अॅम्ब्युलन्ससाठी मोकळी ठेवायची, ते २४०. स्टेज, गुणलेखकांचं टेबल, संघ बसायची जागा, डॉक्टरांचं टेबल, जनरेटर मिळून २६० धरा. बेरीज १,४००. उरले १,०००.

आता ते १,००० काय खचाखच भरायचे नाहीत. निम्म्याहून जास्त जागा येण्याजाण्याला, गेटसमोर, पाण्याच्या टेबलापाशी लागते. उभं राहून खेळ दिसेल अशी जागा बॅरिकेडच्या कडेकडेने साधारण ४०० चौरस मीटर निघते. एका चौरस मीटरमध्ये दोन माणसं धरली तर ८००, आणि गॅलरीत ४००. म्हणून १,२००. गेटवर दोन पोरं क्लिकर घेऊन बसवतो, आत आला की एक, बाहेर गेला की दुसऱ्या क्लिकरवर एक. फरक १,२०० झाला की गेट थांबवायचं. पहिल्या वर्षी भांडणं झाली, ‘मी इथलाच आहे’ वगैरे, पुढच्या वर्षी लोक लवकर यायला लागले.

नकाशा आर्किटेक्टकडूनच काढून घ्यायचा का?

मैदानाच्या लेआउटला टेपने मापं घेऊन स्केलवर काढलेला चालतो, गॅलरीच्या ड्रॉइंगला मात्र इंजिनिअरची सही लागते. पण एकच नकाशा काढा आणि तोच सगळीकडे द्या, हे मी दहा वेळा सांगेन. उद्यान खातं, पोलीस, फायर ब्रिगेड, तिघेही मुळात हाच कागद बघतात. प्रत्येकाला थोडा वेगळा नकाशा गेला की एकाने परमिशन दिलेली गॅलरी दुसऱ्याच्या कागदावर गल्लीत उभी असते आणि सगळं पहिल्यापासून. बदल झाला तर नकाशावर नवीन तारीख टाकून तिन्ही ठिकाणी परत द्या.

त्यात उत्तर दिशा, दोन्ही गेटची रुंदी मीटरमध्ये, जवळचा रस्ता, झाडं, गटारावरची झाकणं आणि वरून जाणाऱ्या वायरी दाखवा. झाडं का, तर लाइटचा टॉवर नेमका फांद्यांत उभा करायची मंडपवाल्यांची खोड असते.

गॅलरी लावायची का? लोखंडी पाइपची तर असते, त्यात काय होणार?

२२ मार्च २०२१ ला तेलंगणात सूर्यापेटला ज्युनिअर राष्ट्रीय कबड्डी स्पर्धा सुरू होताना तात्पुरती गॅलरी कोसळली, शंभरच्या वर माणसं जखमी झाली. तीही राष्ट्रीय स्पर्धेची गॅलरी होती, गल्लीतली नाही.

आमच्याकडे पडली नाही, पण एका वर्षी हलली. मी खाली उभा होतो. सुपर टॅकल झाला, अख्खी गॅलरी एकदम उठली आणि नाचायला लागली, आणि वरची रांग डाव्या बाजूला वीतभर गेली आणि परत आली. आवाज काही नाही, फक्त पाइपच्या क्लॅम्पचा किर्र असा. मॅच थांबवून सगळ्यांना उतरवलं. नंतर खाली वाकून बघितलं तर मागचे दोन पाय मातीत चार बोटं रुतलेले. झालं काय होतं, आदल्या रात्री धूळ बसावी म्हणून आम्हीच टँकरने पाणी मारलं, ते उतारावरून गॅलरीखाली जाऊन साचलं, आणि कॉन्ट्रॅक्टरने पायांखाली फळ्या टाकल्याच नव्हत्या, नुसता पाइप जमिनीवर टेकवलेला. तिरके पाइपही फक्त पुढच्या बाजूला, बघणाऱ्याला दिसावेत म्हणून असावेत.

तर वजनाचा हिशेब असा. १८ मीटरची रांग, माणशी ४५ सेंटीमीटर, म्हणजे रांगेत ४० माणसं. पाच रांगा म्हणजे २००. सरासरी ७० किलो धरा, १४ टन झाले एका गॅलरीवर. हे वजन सरळ खाली येत असतं तोवर पाइप सहसा झेलतात. पण लोक एकदम उठतात, एका बाजूला झुकतात, तालात उड्या मारतात, तेव्हा तोच भार आडवा ढकलायला लागतो, आणि आडव्या धक्क्याला तिरके पाइप नसतील तर चौकोन तिरपा होऊन बसतो. म्हणून तिरके पाइप लांबीतही पाहिजेत आणि मागच्या-बाजूच्या अंगालाही. प्रत्येक पायाखाली बेस प्लेट आणि तिच्याखाली जाड लाकडी फळी. मागे आणि दोन्ही बाजूंना रेलिंग, पायऱ्यांमधून लहान मुलाचा पाय किंवा डोकं जाईल अशी फट नको. आम्ही पाच रांगांच्या वर जात नाही, कॉन्ट्रॅक्टर कितीही म्हणाला ‘साहेब आठ सहज होतात’ तरी.

स्ट्रक्चरल इंजिनिअरचं स्टॅबिलिटी सर्टिफिकेट घ्या आणि त्याला गॅलरी उभी झाल्यावर बोलवा. ऑफिसात बसून ड्रॉइंगवर सही केलेलं सर्टिफिकेट फाइलीसाठी ठीक आहे, पण फळी टाकलीय की नाही हे ड्रॉइंगमध्ये दिसत नाही. तो आला की त्याच्यासमोर वीस पोरं वर चढवून एकत्र डोलायला लावा. क्लॅम्प वाजला किंवा वरची रांग डोळ्यांना हलताना दिसली तर त्या दिवशी गॅलरी बंद, लोकांनी उभं राहून बघायचं. गॅलरीखाली कोणी बसणार नाही, सामान ठेवणार नाही, आणि पाणी मारायचं असेल तर गॅलरी लागायच्या आधी. आणि हो, गॅलरी नाही म्हणून स्पर्धा फिकी पडते असं काही नाही, कडेला जाजम अंथरून बसणारे लोक सगळ्यात खुश असतात.

फायर ब्रिगेडवाले काय बघतात?

मुख्य म्हणजे बाहेर पडायच्या वाटा आणि त्यांची गाडी आत येईल का. बाकी मंडपाचं कापड, वायरिंग, अग्निशामक सिलिंडर, वाळूच्या बादल्या हे आहेच. आपल्या भागातल्या फायर स्टेशनच्या अधिकाऱ्यांना नकाशा दाखवून त्यांच्या अटी लेखी घ्या, तोंडी ‘ठीक आहे’वर राहू नका.

गेटचा हिशेब मात्र स्वतः करून जा. सपाट जमिनीवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला साधारण ८० माणसं बाहेर पडतात असं धरतात. आमचं मुख्य गेट ४ मीटर, मागचं २ मीटर. दोन्ही उघडी असली तर मिनिटाला ४८०, म्हणजे १,२०० माणसं अडीच मिनिटांत बाहेर. आता खरं चित्र. मागच्या गेटला गंजलेलं कुलूप, चावी कोणाकडे आहे ते कोणालाच माहीत नाही. मुख्य गेटच्या अर्ध्या भागात ट्रॉफ्या घेऊन आलेला टेम्पो. राहिले २ मीटर, मिनिटाला १६०, म्हणजे साडेसात मिनिटं. धावाधाव झाली तर साडेसात मिनिटं कोणी रांगेत थांबत नाही.

म्हणून उभारणीच्या दिवशीच मागचं कुलूप उघडून घ्या. उद्यान खात्याच्या माणसाकडून चावी घ्यायची, नसेल तर त्यांच्याकडूनच कुलूप तोडून नवीन लावून घ्यायचं, आणि स्पर्धेच्या वेळी ते कुलूप काढून खिशात ठेवायचं, नुसतं उघडं लटकवायचं नाही. तिथे एक मोठा माणूस कायम उभा करा. त्याचं खरं काम म्हणजे बाइकवाल्यांना हाकलणं. ‘दोन मिनिटांत आलो’ म्हणून लावलेल्या तीन बाइक एका गेटला पुरतात.

गेटवर कमान बांधताना तिची उंची विचारा. आमच्या कमानीखालून एकदा अॅम्ब्युलन्सचा दिवा जाईना.

पोलीस म्हणतात आधी महापालिकेची परमिशन आणा, महापालिका म्हणते पोलिसांची एनओसी आणा. मग सुरुवात कुठून करायची?

हा प्रश्न रोजचा आहे. दोन्हीकडे एकाच दिवशी अर्ज टाका आणि एकाच्या इनवर्डच्या शिक्क्याची झेरॉक्स दुसऱ्याला जोडा. अर्जात सरळ लिहा की त्या कार्यालयाकडे अमुक आवक क्रमांकाने अर्ज दिलेला आहे आणि त्यांची परवानगी मिळण्याच्या अटीवर ना हरकत द्यावी. बहुतेक वेळा महापालिका ‘इतर परवानग्यांच्या अधीन राहून’ असा कागद देते आणि त्यावर पोलीस स्टेशन पुढे सरकतं. रस्त्यावर गर्दी येणार असेल किंवा पार्किंग बंद करायचं असेल तर ट्रॅफिक पोलिसांच्या चौकीला वेगळं पत्र, स्थानिक पोलीस स्टेशनला दिलं म्हणजे त्यांना कळलं असं होत नाही.

शेवटी जो कागद हातात येतो त्याच्या मागच्या अटी वाचा. खरंच वाचा. आमच्या एका वर्षीच्या परमिशनमध्ये अट होती की मैदानात कोणतंही वाहन आणायचं नाही, आणि आमच्या नकाशात अॅम्ब्युलन्स आत. दोन दिवस आधी लक्षात आलं म्हणून दुरुस्ती करून मिळाली.

स्पीकर रात्री किती वाजेपर्यंत?

दहा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. बारा वाजेपर्यंतची जी सूट ऐकून असता ती सरकार वर्षातल्या ठरावीक दिवसांना, सण-उत्सवांना देते, आपल्या स्पर्धेला ती आपोआप लागू होत नाही. लाउडस्पीकरची लेखी परवानगी वेगळी घ्यायची. हॉस्पिटल, शाळा-कॉलेज, कोर्ट यांच्यापासून १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असू शकतं, तिथे दिवसाही अडचण, तर आधीच नकाशावर मोजून घ्या. शिवाजी पार्कसारख्या ठिकाणी तर हा विषय हायकोर्टापर्यंत गेलेला आहे.

दहाचं गणित वेळापत्रकात करायचं असतं, स्पर्धेच्या रात्री माइकवर नाही. सोळा संघ बाद पद्धतीने म्हणजे पंधरा मॅच. पहिल्या दिवशी पहिली फेरी आठ आणि उपांत्यपूर्व चार, एकूण बारा, दोन मैदानांवर सहा-सहा. वीस-वीस मिनिटांचे डाव आणि मधले पाच मिनिटं घेतले की टाइमआउट, संघ बदलणं धरून मॅचला तास जातो. सहा तास. चारला सुरू केलं तरी बरोब्बर दहा, आणि चारला सुरू कधीच होत नाही. आम्ही पहिल्या दिवशी पंधरा मिनिटांचे डाव ठेवतो, मॅच पाऊण तासात बसते, साडेचारला सुरू केलं की नऊला संपतं आणि हातात एक तास राहतो. दुसऱ्या दिवशी उपांत्य आणि फायनल पूर्ण वीस मिनिटांचे. पंचांशी आणि जिल्हा असोसिएशनशी हे आधी बोलून माहितीपत्रकात छापा, नाहीतर संघ तिथे वाद घालतात.

सत्कार फायनलच्या आधी नकोत एवढंच सांगतो. उशीर मॅचमुळे होत नाही, शालींमुळे होतो.

लाइटसाठी समोरच्या सोसायटीतून वायर घेतली तर?

नको. शहरात बेस्टकडून आणि उपनगरात जी कंपनी असेल तिच्याकडून तात्पुरतं कनेक्शन घ्या, किंवा जनरेटर. काम लायसन्सवाल्या इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरकडूनच आणि त्याचा टेस्ट रिपोर्ट फाइलला. पॅनेलमध्ये शॉक लागला की सप्लाय तोडणारा ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी आहे का बघा आणि उजेड असतानाच त्याचं टेस्ट बटण स्वतः दाबा, ट्रिप झाला नाही तर तो शोभेचा आहे. लाइटच्या लोखंडी खांबांना अर्थिंग हवंच, घामेजलेली पोरं त्यांना टेकून उभी असतात. केबल माणसांच्या वाटेवरून न्यायची वेळ आली तर गेटच्या वरून, उंचावरून. आणि एक बॅटरीवरचा लाइट व मेगाफोन स्टेजपाशी, लाइट गेल्यावर ‘जागेवर बसून राहा’ एवढं सांगायला.

१०८ आहे ना, मग अॅम्ब्युलन्स उभी कशाला ठेवायची?

१०८ बोलावल्यावर येते, संध्याकाळच्या ट्रॅफिकमधून. कबड्डीत खांदा निखळणं, गुडघा फिरणं, घोटा, आणि डोक्याला डोकं आपटणं हे होतंच. दोन मैदानं चालू असतील तर एक डॉक्टर, दोन प्रथमोपचारवाले, स्ट्रेचर, बर्फ, स्प्लिंट आणि एक अॅम्ब्युलन्स मोकळ्या गल्लीत, तोंड गेटकडे करून. ती पेशंट घेऊन गेली की दुसरी येईपर्यंत मॅच थांबवायची, हे आधीच ठरवा.

निखळलेला खांदा कोणी ‘मी बसवतो’ म्हणून ओढायचा नाही, अगदी जुना जाणता प्रशिक्षक असला तरी. आणि डोकं आपटून खेळाडू क्षणभर जरी सुन्न झाला, स्कोर विचारला तर गोंधळला, उलटीसारखं वाटतंय म्हणाला, तर त्या दिवशी तो परत उतरणार नाही. निर्णय डॉक्टरचा, संघ व्यवस्थापकाचा नाही, आणि हे माहितीपत्रकात छापलेलं असलं की डॉक्टरला सेमीफायनलला भांडावं लागत नाही. अठरा वर्षांखालच्या खेळाडूंसाठी पालकांची सही. खेळाडूंचा अपघात विमा आणि प्रेक्षकांसाठी पब्लिक लायबिलिटी या दोन वेगळ्या पॉलिसी आहेत, एकात दुसरं येत नाही.

स्टॉल, बॅनर वगैरे?

मैदानात गॅस सिलिंडर नाही, वडापाव बाहेरून करून आणा. रस्त्यावरच्या बॅनरला वॉर्डच्या लायसन्स खात्याची वेगळी परमिशन लागते. मैदानाच्या कंपाउंडला आतून लावलेल्या प्रायोजकाच्या बॅनरबद्दलही अर्जातच विचारून घ्या. मोबाइल टॉयलेट आणि कचऱ्याच्या डब्यांसाठी वॉर्डातच पत्र द्यावं लागतं, बायकांची टॉयलेट लाइट पडेल अशा जागी ठेवा.

डिपॉझिट परत मिळतं का?

मिळतं, पण मागावं लागतं. उभारणीच्या आधी उद्यान खात्याच्या माणसाला घेऊन मैदानाचे फोटो काढा, तारीख दिसेल असे, कंपाउंडची तुटलेली जाळी, आधीचे खड्डे, सगळं. आवरल्यावर त्याच जागांवरून परत तसेच फोटो. खड्डे खणायचे नाहीत म्हणून आम्ही खांब वाळू भरलेल्या ड्रममध्ये उभे करतो, पण मंडपवाला रात्री गुपचूप दोन-चार खुंट्या ठोकतोच, त्या मोजून काढून घ्या. एका वर्षी एक खुंटी राहिली, सकाळी फुटबॉल खेळणाऱ्या एका मुलाच्या बुटात घुसली. पायाला लागलं नाही. आता शेवटची मॅच झाली की मी मॅट उचलायच्या आधी चुंबक बांधलेली काठी घेऊन गॅलरीच्या जागेवर फिरतो, नट-बोल्ट तर मूठभर निघतातच.